उसना कॅमेरा, उसनी लेन्स: विद्यार्थी शूटवर नुकसान झालं तर भरायचं कुणी?

विद्यार्थी फिल्मच्या तयारीच्या बैठकीत मी नेहमी एक प्रश्न विचारते, "सामानाचा विमा आहे का?" जवळजवळ दर वेळी उत्तर येतं, "हो, आहे." मग मी विचारते, "कुणाच्या नावावर? कोणत्या वस्तूंचा? कधीपासून कधीपर्यंत?" इथे सगळे एकमेकांकडे बघू लागतात. कुणाला वाटत असतं कॉलेजचा आहे, कुणाला वाटतं लोकेशनसाठी काढलेला आहे त्यातच सगळं येतं, आणि कुणाला वाटतं की ज्याचा कॅमेरा त्याने विमा काढलेलाच असणार. यातली प्रत्येक समजूत थोडी खरी असते, आणि नुकसान नेमकं उरलेल्या भागात होतं.

शूटवरच्या विम्याचे विषय खूप आहेत. कलाकाराला इजा, गाडीचा अपघात, स्टंट, ड्रोन हे सगळे स्वतंत्र लेखाचे विषय. इथे मी फक्त एका गोष्टीबद्दल लिहितेय: दुसऱ्याकडून मागून आणलेलं सामान तुमच्या हातात असताना बिघडलं, फुटलं किंवा गेलं तर काय होतं, आणि तसं होण्याआधी काय करून ठेवायचं. कायदे आणि पॉलिसीचे शब्द देशागणिक बदलतात, त्यामुळे स्वतःची पॉलिसी स्वतः वाचणं सुटत नाही. पण आतली रचना सगळीकडे बरीचशी सारखी आहे.

आधी एक घडलेली गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका डिप्लोमा फिल्मला मी प्रॉडक्शनसाठी मदत करत होते. पाच जणांचं युनिट. कॅमेरा बॉडी आणि एक चांगली सिनेमा लेन्स एका ओळखीच्या सिनेमॅटोग्राफरने भाडं न घेता दिली होती. दुसऱ्या दिवशी, घरातला साधा सीन. ट्रायपॉडच्या हेडवर कॅमेऱ्याची प्लेट सरकवून बसवली, 'टक्' असा आवाज आला, आणि असिस्टंटने हात काढला. त्या हेडला दोन लॉक होते. आवाज पहिल्याचा होता, दुसरा स्क्रू फिरवून घट्ट करायचा असतो तो राहिला. पुढच्या शॉटसाठी कॅमेरा खाली झुकवला आणि प्लेट घसरून सगळं पुढच्या बाजूने जमिनीवर आलं.

पुढच्या काचेला ओरखडा नव्हता, म्हणून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लेन्स पुन्हा लावून त्यांनी अजून तासभर शूटही केलं. संध्याकाळी फुटेज बघताना कळलं की फ्रेमची डावी बाजू मऊ येतेय. मध्यावर फोकस नेमका, पण डावीकडचे दोन्ही कोपरे धूसर. पडलेल्या लेन्सची ही नेहमीची खूण आहे. काच फुटत नाही, पण आतला एखादा काचेचा गट तिरका होतो किंवा माउंट किंचित वाकतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

या प्रकरणाचा हिशेब पुढे येईलच. तोपर्यंत हे युनिट डोळ्यांसमोर ठेवा.

पहिली पायरी: वस्तू कुणाची, आणि ती तुमच्याकडे कोणत्या नात्याने आली

कागदावर सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव लिहा. साधारण तीन गट पडतात.

कॉलेजचं सामान असेल तर विमा बहुधा संस्थेच्या नावावर असतो. त्यात दोन गोष्टी तपासायच्या. एक, सामान आवाराबाहेर नेल्यावर विमा चालू राहतो का, आणि त्यासाठी कोणती परवानगी किंवा नोंद लागते. दोन, विम्याचं संरक्षण विद्यार्थ्याला आहे की फक्त संस्थेला. फक्त संस्थेला असेल तर तिचं नुकसान भरून निघेल, पण सामान नेताना तुम्ही सही केलेल्या फॉर्मच्या आधारे संस्था तुमच्याकडून वसुली करू शकते. तो फॉर्म सहसा काउंटरवर घाईत सही करून दिला जातो. एक दिवस आधी मागून घरी वाचा.

भाड्याने आणलेल्या सामानाबाबत भाडे करारात बहुतेक सगळं लिहिलेलं असतं, आणि ते बहुतेक तुमच्या विरुद्ध असतं. काही ठिकाणी थोडी जादा रक्कम घेऊन 'डॅमेज वेव्हर' देतात. त्याला विमा समजू नका. ठरावीक प्रकारच्या मोडतोडीसाठी तुमच्याकडून पैसे मागणार नाही, एवढंच ते वचन असतं. चोरी, हरवणं, पाण्याने झालेलं नुकसान आणि निष्काळजीपणा या गोष्टी त्यातून बऱ्याचदा वगळलेल्या असतात.

तिसरा गट म्हणजे मित्राने, सीनियरने, ओळखीच्या माणसाने प्रेमाने दिलेलं सामान. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण कागदच नसतो. शिवाय लोकांचा एक पक्का गैरसमज असतो की पैसे घेतले नाहीत, तर जबाबदारीही कमी.

कायद्याची जुनी परंपरा नेमकी उलटी आहे. इंग्लंडमध्ये १७०३ साली कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड असा एक खटला झाला. बर्नार्डने ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्यात हलवून देण्याचं काम फुकट अंगावर घेतलं होतं. त्याच्या हलगर्जीपणाने पिंप फुटलं. मोबदला घेतला नाही म्हणून तो सुटला नाही. त्या निकालात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी दुसऱ्याची वस्तू हाती असलेल्या माणसाच्या जबाबदाऱ्यांची वर्गवारी केली. जो माणूस फुकट, स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू मागून नेतो, त्याच्यावर त्यांनी सर्वात कडक काळजीची अट घातली. त्यांचं उदाहरण आजही शूटला चपखल लागू पडतं. घोडा पश्चिमेकडे जायला मागून नेला आणि तुम्ही उत्तरेकडे गेलात, किंवा महिन्यासाठी नेला आणि महिन्यापेक्षा जास्त ठेवलात, तर त्यानंतर घोड्याला काहीही झालं तरी जबाबदार तुम्ही.

आता घोड्याच्या जागी कॅमेरा ठेवा. 'घरातल्या सीनसाठी' म्हणून आणला आणि नदीकाठी नेला. शनिवार-रविवारसाठी आणला आणि पॅचवर्कसाठी मंगळवारपर्यंत ठेवला. त्या मंगळवारी जे होईल त्याबद्दल "आमची चूक नव्हती" म्हणून सुटका होणं फार कठीण. काळजीची पातळी आजच्या कायद्यांत देशोदेशी वेगवेगळी आहे, पण ठरलेल्या वापराबाहेर आणि ठरलेल्या वेळेबाहेर जाणं सगळीकडेच अंगाशी येतं. बऱ्याच ठिकाणी वस्तू ताब्यात असताना खराब झाली, तर पुरेशी काळजी घेतली होती हे तुम्हालाच दाखवावं लागतं. मालकाने तुमचा निष्काळजीपणा शोधत बसायचं नसतं.

दुसरी पायरी: एका पानाचा करार

फुकट सामान देणाऱ्याकडे कागद नेणं अवघड वाटतं, हे मला मान्य आहे. "आपल्यात कागद कशाला?" असं तोही म्हणतो. पण भांडणं होतात ती बहुतेक याच सामानावरून, आणि ओळख तुटते ती कागद केल्याने नव्हे, न केल्याने. आमच्या त्या सिनेमॅटोग्राफरला मी कागद दाखवला तेव्हा तो आधी हसला, आणि मग स्वतःच एक ओळ वाढवली: "लेन्स फक्त अमुक असिस्टंट बदलेल." अशा ओळी मालकालाच सुचतात, कारण आपली वस्तू कुठे मोडते हे त्याला ठाऊक असतं.

करार एका पानाचा पुरे. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव आणि सीरियल नंबर, कधी नेली आणि कधी परत देणार याची तारीख-वेळ, कशासाठी आणि कुठे वापरणार, कोण हाताळणार हे लिहा. त्यानंतरची चार वाक्यं सर्वांत महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात:

> वस्तूचं मूल्य आज आम्ही दोघांनी इतकं मान्य केलं आहे.
> नुकसान झाल्यास दुरुस्ती मालक सांगेल त्या सर्व्हिस सेंटरमध्ये होईल.
> विम्यातून न मिळालेली रक्कम, म्हणजे कंपनी भरपाईतून कापून घेते त्या डिडक्टिबलसकट, खाली सही केलेले सर्व जण समान वाट्याने देतील.
> वस्तू दुरुस्तीत असताना मालकाचं काम बुडाल्यास जास्तीत जास्त इतक्या दिवसांचं, दिवसाला इतकं भाडं दिलं जाईल.

'मान्य मूल्य' का लिहायचं? जुन्या लेन्सची किंमत हा वादाचा विषय असतो. मालकाला वाटतं नवी घ्यावी लागेल, तुम्हाला वाटतं ती सहा वर्षं वापरलेली होती. पडल्यानंतर यावर एकमत होत नाही, पडण्याआधी पाच मिनिटांत होतं.

'सर्व जण' हाही शब्द नीट वापरा. 'अमुक प्रॉडक्शन्स' या नावाने सही केली म्हणून कुणी सुरक्षित होत नाही. नोंदणी नसलेल्या नावाला कायद्यात अस्तित्व नाही, आणि सही करणारा माणूसच वैयक्तिक जबाबदार ठरतो. पाच जणांनी सही केली तर आपसात समान वाटा, हे आणखी एका ओळीत स्पष्ट करा. तसं नसेल किंवा करारात 'एकत्रित आणि स्वतंत्र' असे शब्द असतील, तर मालक सगळी रक्कम कुणा एकाकडून मागू शकतो. बाकीच्या चौघांकडून वसूल करणं मग त्या एकाचं काम. आमच्या प्रकरणात कागद होता, पण सही एकट्या दिग्दर्शिकेची होती.

तिसरी पायरी: कोणती पॉलिसी उसन्या वस्तूला लागू पडते

लोकेशन मिळवताना बऱ्याच जागामालकांना 'लायबिलिटी'चा विमा लागतो. तुमच्यामुळे तिसऱ्या माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर तो भरपाई देतो. युनिटला वाटतं, कॅमेरा तर दुसऱ्याचाच आहे, म्हणजे तीही तिसऱ्या माणसाची मालमत्ता झाली. तर्क चुकीचा नाही, पण पॉलिसीत तो चालत नाही. या प्रकारच्या पॉलिसीत साधारणपणे एक वगळणूक असते: जी मालमत्ता विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा नियंत्रणात आहे, तिचं नुकसान यात येत नाही. मागून आणलेला कॅमेरा तंतोतंत तिथेच बसतो. लाइट स्टँड पडून शेजाऱ्याची खिडकी फुटली तर हा विमा कामाला येतो, आणि त्याच लाइटचा बल्ब व हाउसिंग फुटलं तर येत नाही. एकाच पडण्याचे दोन हिशेब होतात.

उसन्या किंवा भाड्याच्या सामानासाठी वेगळा विमा लागतो: 'इक्विपमेंट' किंवा 'ऑल रिस्क' प्रकारची पॉलिसी, ज्यात इतरांच्या मालकीचं, तुमच्या ताब्यातलं सामान असा स्पष्ट उल्लेख आहे. 'ऑल रिस्क' नावाने भुलू नका, त्यालाही वगळणुकी असतात. विमा कंपनीला किंवा एजंटला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "सगळं कव्हर आहे हो" याचा क्लेमच्या वेळी उपयोग नाही.

मालकाच्या स्वतःच्या पॉलिसीवर विसंबायचं का? बहुतेक वेळा नाही. ती घराच्या विम्याचा भाग असेल तर व्यावसायिक वापर वगळलेला असतो. स्वतंत्र कॅमेरा पॉलिसी असेल तर 'दुसऱ्याला वापरायला दिल्यास लागू नाही' असं कलम सापडू शकतं. आणि समजा तिने पैसे दिलेच, तरी गोष्ट तिथे संपत नाही. मालकाला भरपाई दिल्यावर विमा कंपनी मालकाच्या जागी उभी राहून, नुकसान करणाऱ्याकडून, म्हणजे तुमच्याकडून वसुली करू शकते. याला सबरोगेशन म्हणतात. मालक मनाने माफ करेल, कंपनीवर तसं बंधन नाही. मालकाच्या विम्यावरच शूट करायचं ठरलं, तर तुमच्याविरुद्ध हा हक्क वापरणार नाही असं त्याच्या कंपनीकडून शूटच्या आधी लेखी घ्या. मालकाने कंपनीला न विचारता परस्पर असं लिहून दिलं, तर त्याचाच विमा धोक्यात येऊ शकतो. त्याच्या भल्यासाठी तरी हे टाळा.

पॉलिसी हातात आली की तिचं शेड्यूल, म्हणजे वस्तू, रकमा आणि तारखांचा तक्ता, आणि वगळणुकी वाचा. माझ्या अनुभवात घात होतो तो या तीन जागी.

पहिली जागा गाडी. शूट संपल्यावर सामान गाडीत ठेवून सगळे जेवायला जातात. 'लक्ष नसलेल्या वाहनातून झालेली चोरी' बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, किंवा गाडी बंद, सामान नजरेआड, आणि फोडून आत शिरल्याची खूण अशा सगळ्या अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. काच न फोडता दार उघडून सामान नेलं, तर क्लेम अडकतो. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे गाडीत एक माणूस बसवणं.

दुसरी जागा 'कळलंच नाही कधी गेलं'. परत देताना यादी लावली आणि एक फिल्टर, एक बॅटरी कमी. कुठे, केव्हा, कशी गेली याचा पुरावा नाही. अशा कारण न कळलेल्या तुटीला अनेक पॉलिसी भरपाई देत नाहीत. यासाठी दिवसातून दोनदा, सेटअप आधी आणि पॅक-अपला, यादीवर खुणा करा. मग निदान कोणत्या दिवशी, कोणत्या जागी वस्तू गेली हे तरी सांगता येतं.

तिसरी जागा म्हणजे स्वेच्छेने दिलेली वस्तू. कुणीतरी भाडे-दुकानातून आल्याचं सांगून सामान घेऊन जातो आणि तुम्हीच पेटी त्याच्या हाती देता. फसवणूक असली तरी तुम्ही ती आपणहून दिलीत, म्हणून चोरीच्या व्याख्येत ती बसत नाही असं कलम असतं.

कार्डावरचं फुटेजही लक्षात ठेवा. सामानाच्या विम्यात कार्डाची किंमत येते, त्यावर चित्रित झालेल्या दोन दिवसांची नाही.

मालकाला कोणता कागद द्यायचा, यातही गोंधळ होतो. 'अतिरिक्त विमाधारक' म्हणून नाव घातलं, तर तुमच्या शूटमुळे त्याच्यावर कुणी दावा केला तर त्याला संरक्षण मिळतं. पण लेन्स फुटल्यावर पैसे थेट त्याला मिळावेत अशी इच्छा असेल, तर त्याचं नाव 'लॉस पेयी' म्हणून घालावं लागतं. सामानाच्या मालकाला दुसरं हवं असतं, आणि विद्यार्थी बहुधा पहिलं घेऊन येतात. दोन्ही लागत असेल तर दोन्ही मागा.

चौथी पायरी: विमा रक्कम ठरवताना

आमच्या युनिटची खरी चूक इथे झाली, आणि ती ट्रायपॉडच्या चुकीपेक्षा महाग पडली.

पैशांऐवजी आपण प्रमाण धरू, म्हणजे कुठल्याही चलनात बसेल. नव्या लेन्सची किंमत १०० धरा. त्याच मापात नवी कॅमेरा बॉडी ९०, आणि ट्रायपॉड, मॉनिटर, बॅटऱ्या, फिल्टर हे सगळं मिळून ६०. एकूण २५०. पॉलिसी 'नव्याने घेण्याच्या किमती'वर होती. पण फॉर्म भरणाऱ्याने हप्ता कमी बसावा म्हणून जुन्या बाजारातले भाव टाकले: लेन्स ६०, बॉडी ६०, बाकी ३०. विमा रक्कम १५०.

दुरुस्तीचा अंदाज आला ४०, त्यात लेन्सचे ३० आणि बॉडीच्या माउंटचे १०. दिग्दर्शिका म्हणाली, "ताई, विमा १५० चा आहे, आपल्याला ४० च हवेत. मिळतील ना?" मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पॉलिसीत 'सरासरी'चं कलम होतं. मालमत्तेच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा काढला असेल, तर प्रत्येक नुकसानीतही त्याच प्रमाणात कमी पैसे. १५० भागिले २५० म्हणजे ६० टक्के. ४० चे ६० टक्के २४. त्यातून डिडक्टिबल १० वजा. हातात आले १४.

वर २६ ची तूट. शिवाय लेन्स दुरुस्तीत असताना मालकाचं तीन दिवसांचं काम गेलं, आणि दिवसाला ३ या ठरलेल्या भाड्याने त्याचे ९. ते पॉलिसीत नव्हतंच. एकूण ३५, आणि कागदावर सही एकीची.

पूर्ण २५० चा विमा काढला असता तर ४० वजा १० असे ३० मिळाले असते. तूट १०, आणि वर बुडालेल्या दिवसांचे ९.

म्हणून फॉर्म भरण्याआधी विचारायचं: भरपाई नव्या किमतीने देणार, चालू बाजारभावाने की मान्य मूल्याने? ज्या पद्धतीने भरपाई, त्याच पद्धतीने विमा रक्कम भरा. बाजारभावाची पॉलिसी असती तर जुने भाव टाकणं बरोबर ठरलं असतं. पण मग लेन्स पूर्ण गेल्यास ६० मिळाले असते आणि मालकाला नव्यासाठी १०० लागले असते. ही ४० ची तूट कुणाची, हे करारातल्या 'मान्य मूल्य' या ओळीतूनच ठरतं. आणि ट्रायपॉड, मॉनिटर 'किरकोळ' म्हणून यादीतून गाळू नका. एकाच विमा रकमेखाली सगळं सामान असेल, तर गाळलेली वस्तू तुटली नाही तरी प्रमाण बिघडवते.

तारखाही पाहा. विमा शूटच्या दिवसांचा नको. सामान मालकाच्या दारातून निघतं तेव्हापासून, परत तपासून सही होईपर्यंतचा हवा, आणि वाहतूक त्यात असायला हवी.

पाचवी पायरी: सामान घेताना वीस मिनिटं

मालकाच्या समोर करा. सीरियल नंबर दिसेल असा प्रत्येक वस्तूचा फोटो. लेन्सच्या दोन्ही टोकांना टॉर्च तिरका धरून काच पाहा. बुरशी, ओरखडे, आतली धूळ असेल तर त्याचाही फोटो. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, मध्ये अडकते का बघा. सेन्सरसाठी लेन्सचं अॅपर्चर f/16 च्या आसपास बंद करून पांढऱ्या भिंतीची फोकसबाहेरची फ्रेम घ्या, डाग असतील तर काळे ठिपके दिसतात.

आणि एक चाचणी कधीच चुकवू नका. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा त्याला अगदी समांतर ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखीच स्पष्ट किंवा सारखीच मऊ दिसायला हवीत. एकच बाजू मऊ असेल तर आधी कॅमेरा समांतर आहे का ते तपासा, पुन्हा घ्या. तरीही तसंच असेल तर लेन्स आधीच हललेली आहे, आणि ते करारावर लिहून घ्या.

आमच्या युनिटने ही क्लिप घेतली होती. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने पहिलाच प्रश्न विचारला, "हा दोष आधीपासून नव्हता कशावरून?" झीज आणि जुने दोष कोणतीच सामानाची पॉलिसी भरून देत नाही, त्यामुळे प्रश्न योग्य होता. सामान घेतल्याच्या सकाळची क्लिप आणि पडल्यानंतरची क्लिप शेजारी ठेवली. सकाळच्या क्लिपमध्ये डाव्या कोपऱ्यातला छोटा मजकूर वाचता येत होता, नंतरच्यात नाही. तो मुद्दा तिथेच मिटला.

सहावी पायरी: पडल्यानंतरचा पहिला तास

आधी माणसांना लागलं आहे का बघा. मग हात लावण्याआधी फोटो: वस्तू कशी पडली, प्लेट कुठे, लॉक कोणत्या स्थितीत. वेळ लिहून ठेवा.

त्या वस्तूने शूट थांबवा. वाकलेलं माउंट पुन्हा पुन्हा लावलं तर बॉडीचं माउंटही खरवडतं, आणि दुसऱ्या बॉडीवर लावलं तर तीही खराब होऊ शकते. वस्तू भिजली असेल तर बॅटरी काढा आणि 'चालू होतंय का' हे बघण्याचा मोह आवरा. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अट असते. आमच्या युनिटने तासभर शूट चालू ठेवलं, त्याचा खुलासा त्यांना लेखी द्यावा लागला आणि क्लेम तीन आठवडे लांबला. स्वतः स्क्रू उघडून दुरुस्ती करणं तर नकोच. सर्व्हेअरने पाहण्याआधी किंवा कंपनीने होकार देण्याआधी सर्व्हिस सेंटरलाही काम सुरू करू देऊ नका, फक्त लेखी अंदाजपत्रक घ्या. बदललेले भाग फेकू नका.

मालकाला त्याच दिवशी फोन करा. काय झालं, केव्हा झालं, वस्तू आता कुठल्या स्थितीत आहे, एवढं सरळ सांगा. "दादा, लेन्स पडली, दुसरं लॉक राहिलं होतं" हे घडलेलं सांगणं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण "सगळे पैसे आम्ही देतो, नवी घेऊन देतो" असं वचन विमा कंपनीशी बोलण्याआधी देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये असं कलम लायबिलिटीच्या पॉलिसीत बहुधा असतं, आणि सामानाच्या पॉलिसीतही असू शकतं. लपवणं आणि घाईने वचन देणं, दोन्ही महागात पडतं.

कंपनीलाही त्याच दिवशी ईमेल. पॉलिसीत 'तात्काळ' किंवा ठरावीक तासांची मुदत असते. चोरी असेल तर पोलिसांकडे तक्रार आणि तिची प्रत. उपस्थित असलेल्या दोघांकडून त्याच रात्री चार ओळींचा जबाब लिहून घ्या. आठवड्याने प्रत्येकाची आठवण वेगळी होते, आणि दोन जबाबांत लॉकबद्दल वेगळं लिहिलेलं आढळलं की प्रश्न वाढतात.

जबाबात खरं तेच लिहा. लॉक लावायचं राहणं ही साधी चूक आहे, आणि अपघाती नुकसानीचा विमा अशा चुकांसाठीच असतो. ती झाकायला "ट्रायपॉड सदोष होता" असं लिहिलं आणि तपासणीत ट्रायपॉड ठीक निघाला, तर मिळणारे पैसेही जातात, कारण खोटी माहिती दिल्यावर कंपनी अख्खा क्लेम नाकारू शकते.

परत देताना

दुरुस्त होऊन आलेली लेन्स मालकाला द्यायच्या आधी तीच वर्तमानपत्राची चाचणी पुन्हा घ्या, तोच कागद, तेच अंतर, आणि तिन्ही क्लिप त्याला द्या. दुरुस्तीचं बिल, कंपनीचं पत्र आणि दिलेल्या रकमेची पावती एकत्र जोडा. मालकाकडून "वस्तू तपासून मिळाली, या नुकसानीबाबत आता काही येणं नाही" अशी एक ओळ तारखेसह सहीने घ्या. ही ओळ मिळेपर्यंत प्रकरण उघडंच असतं.

आमच्या दिग्दर्शिकेने ३५ चा आकडा चौघांसमोर मांडला. सही तिची एकटीची असूनही तिघांनी आपापले ७ दिले. चौथ्याने द्यायला दोन महिने लावले, तोवर त्याचे ७ तिने स्वतः भरून ती ओळ लिहून घेतली होती. तिच्या पुढच्या फिल्मच्या करारावर पाचही सह्या होत्या, आणि यादीत ट्रायपॉडच्या हेडपुढे पेनाने लिहिलं होतं: लॉक दोन.